मानवी भांडवल की संकेत : शिक्षणाने कमाई का वाढते

जास्त शिकलेल्याला जास्त पगार मिळतो, यावर अर्थतज्ज्ञांत वाद नाही. वाद आहे तो कारणावर. थिओडोर शुल्ट्झ (१९६१) आणि गॅरी बेकर (१९६४) यांच्या मांडणीनुसार शिक्षणाने माणसाची उत्पादकता वाढते, म्हणून पगार वाढतो. हे मानवी भांडवल. मायकेल स्पेन्स (१९७३) यांनी दाखवले की शिक्षणाने उत्पादकता अजिबात वाढली नाही तरी पगार वाढू शकतो, कारण प्रमाणपत्र मालकाला उमेदवाराविषयी आधीच खरी असलेली गोष्ट सांगते. हा संकेत.

स्पेन्स यांचा युक्तिवाद आकडे घालून पाहिला की लवकर उमगतो. समजा, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याला मशिनिस्ट हवे आहेत. निम्मे उमेदवार महिन्याला २४,००० रुपयांचे काम करणारे, निम्मे १२,००० रुपयांचे. मुलाखतीत मात्र दोघे सारखेच दिसतात. डिप्लोमावाल्याला २४,००० आणि इतरांना १२,००० असा मालकाचा नियम आहे. पाच वर्षांत डिप्लोमाने ७.२ लाख जादा मिळतात. फी, बुडालेली मजुरी आणि कष्ट धरून तरबेज मुलाला डिप्लोमा ४ लाखांना पडतो. दुसऱ्याचे विषय राहतात, वर्षे वाया जातात, त्याला तो ९ लाखांना पडतो. पहिला डिप्लोमा करतो, दुसरा करत नाही, आणि मालकाचा अंदाज खरा ठरतो. वर्गात काहीच शिकवले गेले नसले तरी हे गणित असेच चालते. सगळा भार एका अटीवर आहे : कमी कुवतीच्या मुलाला शिक्षण इतके महाग पडले पाहिजे की जादा मिळकतीतून ते परवडू नये. या विषयावरच्या निबंधांत हीच अट बहुतेक वेळा गळते.

अट मोडली की काय होते? परीक्षा सोपी झाली आणि दुसऱ्याचा खर्च ६ लाखांवर आला, तर तोही डिप्लोमा घेतो. आता डिप्लोमावाल्यांची सरासरी १८,००० वर येते, जादा मिळकत ३.६ लाख उरते आणि ४ लाख घालणे तरबेज मुलालाही परवडत नाही. व्यवहारात मालक मग पुढची पायरी, म्हणजे पदवी, मागू लागतात.

दोन्ही स्पष्टीकरणे आकडेवारीत वेगळी काढणे अवघड आहे. मिन्सर यांचे पगार-समीकरण शिक्षणाची वर्षे आणि अनुभव यांवरून पगाराचा अंदाज बांधते. त्यातला शिक्षणाचा गुणक कितीही मोठा आला तरी तो कोणत्याही बाजूचा पुरावा नाही. जरा बरी कसोटी म्हणजे शेवटच्या वर्षाला पगारात येणारी उडी : ज्ञान दरवर्षी थोडेथोडे वाढते, प्रमाणपत्र एकाच दिवशी हातात पडते. पण शिक्षण अर्धवट सोडणारे मुळातच वेगळे असू शकतात, म्हणून ही उडी निव्वळ कागदाची मानता येत नाही.

त्याहून नेमकी कसोटी काठावर पास आणि काठावर नापास झालेल्यांची तुलना. त्यांच्या ज्ञानात फरक नगण्य, कागदात पूर्ण. क्लार्क आणि मार्टोरेल (२०१४) यांनी टेक्सासमधल्या शालान्त परीक्षेच्या शेवटच्या प्रयत्नावर ही तुलना केली; कमाईतला फरक जवळजवळ शून्य निघाला. आपल्या दहावीच्या ३५ गुणांवर हीच पद्धत जशीच्या तशी लावली तर ती फसेल. वाढीव गुणांमुळे बरोबर ३५ वर गर्दी होते आणि ३४ वर पोकळी राहते, म्हणजे रेषेच्या दोन्ही बाजूंची मुले सारखी उरत नाहीत. शिवाय पुरवणी परीक्षेत नापासांतले बरेच जण पास होतात. गुणांचा आलेख काढून ३५ वरचा हा उंचवटा आधी पाहावा. तो दिसला तर पुढचे उत्तर विश्वासाचे नाही.

तिसरी कसोटी काळाची आहे. ऑल्टनजी आणि पिएरे (२००१) यांना अमेरिकी आकडेवारीत आढळले की अनुभव वाढतो तसा पगारावरचा शिक्षणाचा प्रभाव घटतो आणि मालकाला सुरुवातीला न दिसलेल्या कुवत-चाचणीतल्या गुणांचा वाढतो. मालक माणूस ओळखू लागतो. मशिनिस्टच्या बाबतीत हे लवकर घडते, कारण त्याने बनवलेले रिजेक्ट झालेले भाग रोज मोजले जातात. कार्यालयीन कामात कागदाचा आधार जास्त काळ टिकत असावा.

नाशिकलाच मुख्यालय असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरी सांभाळून घेता येते, म्हणून दोन्ही स्पष्टीकरणे पारखायला ती विशेष उपयोगाची. कित्येक वर्षे ओळखणाऱ्या मालकाने पदवीनंतर त्याच कामाचा पगार वाढवला, तर संकेताचे स्पष्टीकरण लंगडे पडते. वाढ नोकरी बदलल्यावरच मिळाली, तर ते बळावते. मात्र पदवीधरालाच बढती किंवा स्पर्धा परीक्षेला बसायची मुभा असा नियम असेल, तर ती वाढ दोन्हींपैकी कशातच मोडत नाही. ती नियमाने राखलेल्या जागेची किंमत आहे आणि आकडेवारीत ती वेगळी काढली नाही तर संकेत म्हणून मोजली जाते.