चरबी घटणे आणि स्नायू घटणे

वजन कमी होणे म्हणजे शरीराचे एकूण वस्तुमान कमी होणे. हे कमी झालेले वस्तुमान चरबीचे असू शकते, स्नायूंचे असू शकते, किंवा नुसत्या पाण्याचेही. वजनकाट्याला यातला भेद कळत नाही, कारण तो हाडे, रक्त, स्नायू, चरबी आणि पोटातले न पचलेले अन्न या साऱ्यांचा मिळून एकच आकडा देतो. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्यापुढची गोष्ट मात्र कमी जणांच्या लक्षात येते. स्नायू जास्त गमावणाऱ्याचा आकडा अधिक वेगाने उतरतो, आणि चरबी जास्त गमावणाऱ्याचा सावकाश. त्यामुळे काटा फरक लपवतो एवढेच नव्हे, तर कधीकधी तो उलटा दाखवतो.

असे का होते हे समजण्यासाठी दोन्ही ऊती कशाच्या बनलेल्या आहेत ते पाहावे लागते. चरबीच्या पेशीत स्निग्ध पदार्थाचा एक मोठा थेंब असतो आणि पाणी अगदी थोडे. वजन उतरते तेव्हा या पेशी सहसा नाहीशा होत नाहीत, त्यांच्यातला थेंब आक्रसतो. स्नायूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो आणि साधारण एक पंचमांश प्रथिने. पाण्यातून ऊर्जा मिळत नाही. म्हणून एक किलो शुद्ध चरबी जाळल्यावर सुमारे ९,४०० कॅलरी मिळतात, तर स्नायूसारखी एक किलो ऊती मोडल्यावर जेमतेम १,८०० कॅलरी. (किलोमागे ७,७०० हा नेहमी ऐकू येणारा आकडा चरबीच्या ऊतीचा आहे. तिच्यात थोडे पाणी आणि पेशींचा इतर भागही धरलेला असतो.)

शरीर ऊर्जेची तूट भरून काढते ती कॅलरीत, किलोत नव्हे. समजा दोन व्यक्ती आठ आठवडे रोज ५०० कॅलरी कमी घेतात. दोघांची तूट सारखीच, २८,००० कॅलरी. पहिली व्यक्ती वजने उचलण्याचा व्यायाम करते आणि पुरेशी प्रथिने खाते. तिच्या घटलेल्या वजनात ९० टक्के चरबी आणि १० टक्के इतर ऊती आहेत असे धरू. तिच्या प्रत्येक घटलेल्या किलोतून सुमारे ८,६०० कॅलरी निघतात, म्हणून तिचे वजन ३.२ किलोंनी उतरते. दुसरी व्यक्ती फक्त खाणे कमी करते, प्रथिनांकडे लक्ष देत नाही. तिच्या घटीत चरबी ६० टक्के आणि इतर ऊती ४० टक्के आहेत असे धरू. तिच्या एका किलोतून सुमारे ६,४०० कॅलरीच निघतात, त्यामुळे तेवढीच तूट भरायला तिला ४.४ किलो द्यावे लागतात.

काट्यावर दुसरी व्यक्ती सव्वा किलोने पुढे दिसते. प्रत्यक्षात तिची चरबी सुमारे २.६ किलो गेली आणि पहिलीची २.९. उलट चरबी सोडून इतर ऊती पहिलीच्या ३०० ग्रॅम गेल्या, दुसरीच्या पावणेदोन किलो. ही टक्केवारी उदाहरणापुरती आहे आणि खऱ्या शरीरात तूटही आठवडे सरतील तशी बदलत जाते, पण हिशेबाची दिशा तीच राहते. तूट सारखी असताना कोणाचा आकडा फार झरझर उतरत असेल, तर अभिनंदनापेक्षा चौकशी आधी करावी.

स्नायू मुळात जातात कशामुळे? त्यांतली प्रथिने रोज मोडत असतात आणि रोज नव्याने बांधली जात असतात. अन्न अपुरे पडले की बांधणी मंदावते. मोडलेल्या प्रथिनांतल्या अमिनो आम्लांपैकी काही यकृताकडे जातात आणि त्यांपासून ग्लुकोज तयार होते. वजन उचलण्याचा ताण हा बांधणी चालू ठेवण्याचा सर्वांत प्रबळ इशारा आहे, आणि आहारातली प्रथिने म्हणजे त्या बांधणीचा माल. दोन्ही नसतील तर शरीर वापरात नसलेला स्नायू सांभाळत बसत नाही. ज्यांच्या अंगावर मुळातच चरबी कमी आहे त्यांच्या घटीत स्नायूंचा वाटा जास्त असतो. स्थूल व्यक्तीच्या शरीरात चरबीचा साठा मोठा असल्याने तो वाटा कमी राहतो.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या विषयावर फार बोलका आहे. जास्त वजन असलेल्या ४० तरुण पुरुषांचे दोन गट केले. दोन्ही गटांनी चार आठवडे गरजेपेक्षा सुमारे ४० टक्के कमी कॅलरी घेतल्या आणि आठवड्याचे सहा दिवस कठोर व्यायाम केला. फरक होता तो प्रथिनांचा. एका गटाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ग्रॅम, दुसऱ्याला २.४ ग्रॅम. पहिल्या गटाची चरबी सरासरी ३.५ किलो घटली आणि चरबीविरहित वजन जवळपास होते तेवढेच राहिले. दुसऱ्या गटाची चरबी ४.८ किलो घटली आणि चरबीविरहित वजन १.२ किलो वाढले. काट्यावर दोन्ही गटांची घट साडेतीन किलोंच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखीच. या तरुणांकडे नुसता काटाच असता तर प्रयोगातून काही निष्पन्न झाले नाही असेच कोणीही म्हटले असते.

हिशेब आणखी बिघडवते ते पाणी. स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांपासून बनलेला साखरेचा साठा, असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. आहारातली कर्बोदके एकदम कमी केली की हा साठा उतरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जाते. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो ‘गेले’ म्हणून होणारा आनंद बराचसा या पाण्याचा असतो, आणि दोन दिवस पोटभर जेवले की ते परत येते. उलटही घडते. नव्याने व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी धरले जाते, खारट जेवणानंतर आणि मासिक पाळीच्या आधीही पाणी वाढते. अशा वेळी चरबी उतरत असूनही आकडा जागचा हलत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून उपासमारीचा अभ्यास केला होता. त्या माणसांचे वजन सुमारे एक चतुर्थांश उतरले. पण त्यांच्या पायांवर सूज आली होती. म्हणजे ऊतींची खरी हानी काट्यावरच्या आकड्याहून जास्त होती, पाण्याने ती झाकली होती.

काट्याला हा भेद कळू शकतो, पण माणूस पाण्याखाली असेल तेव्हाच. चरबीची घनता प्रति घनसेंटीमीटर सुमारे ०.९ ग्रॅम आहे आणि बाकी शरीराची सुमारे १.१. म्हणून चरबी तरंगते आणि स्नायू बुडतो. ७० किलोंच्या दोन माणसांपैकी एकाच्या अंगात १५ टक्के चरबी आहे आणि दुसऱ्याच्या ३० टक्के, असे धरा. जमिनीवर दोघे सारखेच. पूर्ण पाण्यात बुडवून आणि फुप्फुसातल्या हवेचा हिशेब वजा करून तोलले, तर पहिल्याचे वजन सुमारे ४.२ किलो भरते आणि दुसऱ्याचे २.१ किलो, म्हणजे निम्मे. अमेरिकी नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेंके यांनी १९४२ मध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळाडूंना असे तोलले. वजन-उंचीच्या तक्त्याप्रमाणे यांतले बरेच जण सैन्यभरतीला अपात्र ठरावेत इतके जड होते. पाण्याखाली मात्र दिसले की तो जडपणा चरबीचा नव्हता.

आज यासाठी वापरतात ते डेक्सा स्कॅन. दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्षकिरण शरीरातून जाताना किती शोषले जातात यावरून हाड, चरबी आणि उरलेला भाग वेगळा काढला जातो. पण हा ‘उरलेला भाग’ म्हणजे स्नायू नव्हे. त्यात अवयव आणि पाणीही येते. ग्लायकोजेनचे पाणी उतरले की डेक्साच्या अहवालातही ‘लीन’, म्हणजे या उरलेल्या भागाचे, वजन घटलेले दिसते, आणि स्नायू गेला या समजुतीने माणूस घाबरतो. म्हणून दोन स्कॅनची तुलना करायची असेल तर दोन्ही वेळी परिस्थिती सारखी ठेवावी लागते: सकाळी उपाशीपोटी आणि आदल्या दिवशी जड व्यायाम न करता. घरगुती ‘बॉडी फॅट’ काट्यांची अडचण याहून मोठी. ते तळपायांतून सौम्य वीजप्रवाह सोडतात आणि विरोध मोजतात. पाणीदार ऊतीतून वीज सहज जाते, चरबीतून कष्टाने. मोजला जातो तो फक्त विरोध, टक्केवारी सूत्रातून येते आणि त्या सूत्रात उंची, वय, लिंग आणि शरीरातल्या पाण्याचे ठरावीक प्रमाण गृहीत धरलेले असते. दोन ग्लास पाणी, गरम आंघोळ किंवा नुकताच आलेला घाम एवढ्यानेही आकडा सरकतो. अशा यंत्राच्या एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नाही. काही महिन्यांचा कल थोडाफार उपयोगी पडतो.

यंत्राशिवाय फरक ओळखायचा तर दोन गोष्टी एकत्र पाहाव्यात: कमरेचा घेर आणि ताकद. घेर दर आठवड्याला, सकाळी, एकाच जागी, श्वास सहज सोडल्यावर मोजावा. वजन स्थिर आहे पण घेर दोन सेंटीमीटरने कमी झाला आणि व्यायामात तेच वजन तितक्याच वेळा उचलले जाते, तर चरबी जात आहे. याउलट वजन झपाट्याने उतरते आहे, घेर मात्र फारसा हलत नाही, आणि गेल्या महिन्यात दहा वेळा उचललेले वजन आता सातव्या वेळेलाच हात सोडते, तर स्नायू जात असल्याची शंका घ्यावी. एखाद्या दिवशी थकव्याने ताकद कमी पडली तर ते गणतीत धरू नये. तीन-चार आठवडे सलग तसेच होत असेल तरच धरावे.

सर्वांत फसवी स्थिती वृद्धापकाळी येते. वयानुसार स्नायू घटतात आणि त्यांची जागा चरबी घेत जाते. दोन्हींची बेरीज तीच राहिल्याने ‘चाळीस वर्षांत माझे वजन बदललेले नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्याच्या मांड्या बारीक झालेल्या असतात. स्नायूंच्या या ऱ्हासाला सार्कोपेनिया हे नाव अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुचवले. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलेल्या एका प्रयोगात पायांतली सुमारे एक किलो चरबीविरहित ऊती गेली होती. म्हणून वृद्धाची तपासणी करताना वजनाआधी मुठीची पकड तपासतात, आणि हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला सांगतात. आशियाई तज्ज्ञांच्या निकषात या उठबशीला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पुढची तपासणी सुचवली जाते.