‘सकाळी दहाच्या आत’: झोप, रात्रपाळी आणि टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीची पार्श्वभूमी

कामेच्छा कमी झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या पुरुषाला आज जवळपास सगळीकडे एकच सूचना मिळते: सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी रक्त द्या, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या. या सूचनेत झोपेचा उल्लेख नसतो, पण तिचा सगळा आधार झोपेवरच आहे. रात्रपाळी करणारे, झोपेत श्वास अडणारे आणि रोज चार-पाच तासच झोपणारे लोक या तपासणीत चुकीच्या रकान्यात का जातात, हे समजण्यासाठी ही वेळ कशी ठरली ते पाहावे लागते.

टेस्टोस्टेरॉन 1935 मध्ये वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झाले, पण रक्तातले त्याचे अतिसूक्ष्म प्रमाण दर तासाला मोजण्याची सोय व्हायला 1970 च्या आसपासचा काळ उजाडला. झोपलेल्या माणसाच्या शिरेत नळी ठेवून रात्रभर ठरावीक अंतराने नमुने घेण्याचे प्रयोग त्यानंतर सुरू झाले. झोप लागल्यावर टेस्टोस्टेरॉन चढू लागते, जाग येण्याच्या सुमारास ते सर्वाधिक असते आणि दिवसभर हळूहळू उतरत जाते, असे त्यांत दिसले. तरुणांमध्ये दुपारी चारचा आकडा सकाळच्या आकड्यापेक्षा साधारण 20 ते 25 टक्के कमी असतो. सत्तरीच्या आसपास हा फरक 10 टक्क्यांवर येतो. ‘सामान्य’ पातळीच्या मर्यादा सकाळच्या नमुन्यांवरूनच आखल्या गेल्यामुळे तुलनाही सकाळच्याच नमुन्याशी व्हावी, हे ओघाने आले. 2006 नंतर प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय मार्गदर्शिकांनी ते नियम म्हणून पक्के केले.

हा नियम दिवसा काम करून रात्री झोपणाऱ्यांसाठी योग्यच आहे. वादाचा मुद्दा वेगळा आहे. सकाळचा चढ घड्याळामुळे येतो की झोपेमुळे? शरीराच्या अंतर्गत घड्याळामुळे येत असेल, तर रात्रभर जागलेल्या माणसाचे रक्त सकाळी आठला घ्यायला हरकत नाही. झोपेमुळे येत असेल, तर तो नमुना अर्थाने सकाळचा राहतच नाही. दिवसपाळीच्या माणसाचे रक्त संध्याकाळी उशिरा घेण्यासारखेच ते होते.

या प्रश्नाला सर्वात थेट भिडणारा प्रयोग 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही निरोगी तरुणांना एकदा रात्री आणि एकदा दिवसा झोपवून दोन्ही वेळा वारंवार रक्त तपासले गेले. टेस्टोस्टेरॉन दोन्ही वेळा झोपेत चढले आणि जागेपणी उतरले. दिवसा झोपल्यावर चढही दिवसाच आला. त्याआधी, 2001 च्या सुमारास, झोप मुद्दाम वारंवार मोडून पाहिली गेली होती. ज्यांची झोप तुकड्यातुकड्यांत झाली त्यांच्यात रात्रीचा चढ मंदावला, आणि ज्यांना रेम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, लागलीच नाही त्यांच्यात तो विशेष खुंटला. चढ पुरा होण्यासाठी निदान तीन तासांची सलग, नीट टप्प्यांची झोप लागते, असा त्यातून निष्कर्ष निघाला. असे प्रयोग मोजक्या माणसांवरच होतात, आणि घड्याळाचा वाटा शून्य आहे असे ते सिद्ध करत नाहीत. तरीही माझ्या मते त्यांचा कल स्पष्ट आहे: नमुन्याची वेळ जागे झाल्यापासून मोजायला हवी. मार्गदर्शिकांनी मात्र सोपा, सर्वांना सांगता येईल असा घड्याळाचा आकडा निवडला, आणि रात्रपाळीवाल्यांची बाब तिथे एखाद्या ओळीत उरकली जाते किंवा राहूनच जाते.

याचा परिणाम एका कल्पित पण नेहमी आढळणाऱ्या उदाहरणातून पाहता येतो. समजा, बेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ रात्री दहा ते सकाळी सहा काम करतो. तो आदल्या दिवशी दुपारी तीनला उठला, रात्रभर जागा राहिला आणि पाळी सुटल्यावर आठ वाजता थेट लॅबमध्ये गेला. नमुना देताना तो सतरा तास जागा आहे. अहवालात 260 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर येते. कुठे 300 ची तर कुठे 264 ची मर्यादा वापरली जाते, आणि हा आकडा दोन्हींच्या खाली आहे. आठवड्याने, पुन्हा पाळी संपवूनच, दिलेला दुसरा नमुना 255 येतो. दोन सकाळी, दोन कमी आकडे आणि मंदावलेली इच्छा, म्हणजे नियमाच्या भाषेत निदान पूर्ण झाले आणि टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुरू करायला मोकळीक मिळाली.

आता त्याच माणसाला सुटीचे चार दिवस रात्री झोपू द्यावे आणि पाचव्या दिवशी उठल्यावर दोन-तीन तासांत रक्त घ्यावे. सुटी शक्य नसेल, तर दिवसाच्या मुख्य झोपेतून उठल्यावर, मग घड्याळात दुपारचे साडेतीन का वाजले असेनात, तेवढ्याच वेळात घ्यावे. तो आकडा 340 किंवा 360 येऊ शकतो. तो पुन्हा 260 च्या आसपासच आला, तर तो खराखुरा कमी आहे असे मानायला आधार मिळतो, आणि मग वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारे एलएच, वाढल्यास ते दाबणारे प्रोलॅक्टिन आणि टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवणाऱ्या एसएचबीजी या प्रथिनाची तपासणी करण्यात अर्थ असतो. लॅबच्या चिठ्ठीवर नमुन्याची वेळ छापलेली असते; ‘शेवटची झोप कधी संपली आणि किती तासांची होती’ ही ओळ त्यावर नसते. रुग्णाने ती स्वतः लिहून डॉक्टरांना दाखवली, तरी बराच घोळ टळतो.

अपुऱ्या झोपेबाबत सर्वाधिक गाजलेला अभ्यास 2011 चा आहे. दहा निरोगी तरुणांना आठ रात्री पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी घटले. हा आकडा तेव्हापासून असंख्य लेखांत फिरतो आहे, पण पुढच्या दहा वर्षांतले काम त्याच्याइतके वाचले गेले नाही. 2021 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा थोड्या दिवसांच्या अर्धवट झोपेचा ठाम परिणाम दिसला नाही. चोवीस तास किंवा त्याहून जास्त सलग जागरणाने मात्र पातळी नक्की घटत होती. झोपेतला कोणता भाग कापला जातो, पहाटेचा की आधीचा, आणि रक्त केव्हा घेतले जाते, यावर उत्तर बदलते. रात्रपाळी करणाऱ्यांच्या पाहण्यांतही हीच विसंगती आहे. त्यांची सरासरी पातळी दर वेळी कमी निघत नाही, पण पाळीमुळे ज्यांची झोप खरोखर बिघडली आहे त्यांच्यात कामेच्छा आणि उत्साह मंदावल्याच्या तक्रारी जास्त सापडतात.

स्लीप अ‍ॅप्नियाचा इतिहास याला समांतर चालला. झोपेत घसा मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडतो, हे 1965 मध्ये युरोपातल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे नोंदवले. नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र 1981 मध्ये आले. 1980 च्या दशकाअखेरीस अ‍ॅप्नियाच्या रुग्णांत टेस्टोस्टेरॉन कमी असते आणि उपचाराने ते वर येते, असे काही अहवाल आले, आणि सगळे कोडे सुटल्यासारखे वाटले. पुढे नावापुरताच दाब देणाऱ्या खोट्या सीपॅपशी तुलना करणाऱ्या काटेकोर चाचण्या झाल्या आणि ते चित्र टिकले नाही: टेस्टोस्टेरॉनमध्ये लक्षणीय वाढ दिसली नाही. यामागे मोठा वाटा वजनाचा आहे. लठ्ठपणाने एसएचबीजी घटते, त्याबरोबर एकूण टेस्टोस्टेरॉनही घटते, आणि त्याच लठ्ठपणाने घसा अरुंद होतो. दोन्ही गोष्टी एकाच कारणातून निघत असल्या, तर एकीचा उपचार केल्याने दुसरी हलत नाही.

उलट दिशेचा धोका मात्र खरा आहे. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर अ‍ॅप्निया उद्भवल्याचा अहवाल 1983 पासून आहे. 2003 मध्ये वयस्क पुरुषांना मोठे डोस दिले गेले, तेव्हा त्यांची झोप सुमारे तासाभराने कमी झाली आणि श्वास अडण्याचे प्रमाण वाढले. 2012 च्या एका चाचणीत लठ्ठ, तीव्र अ‍ॅप्निया असलेल्या पुरुषांमध्ये सातव्या आठवड्याला रात्रीचा ऑक्सिजन जास्त वेळा घसरत होता, अठराव्या आठवड्यापर्यंत हा फरक मावळला. म्हणून तीव्र अ‍ॅप्नियावर उपचार सुरू नसतील, तर हे औषध सुरू करू नये, असे मार्गदर्शिका सांगतात. वरच्या उदाहरणातला गृहस्थ मोठ्याने घोरत असेल, घरच्यांनी त्याचा श्वास थांबलेला पाहिला असेल आणि तो सुटीच्या दिवशीही पेंगत असेल, तर इंजेक्शनाआधी झोपेची तपासणी हवी. तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडणे सामान्य धरतात, तीस किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. शिवाय या औषधाने रक्त दाट होते, आणि रात्रीचा ऑक्सिजन घसरत असेल तर ते त्याही कारणाने दाट होत असते. शुक्राणूंची निर्मिती दबते, ही बाब मूल हवे असलेल्या पुरुषाला आधीच सांगायला हवी.

मग कामेच्छेचे काय? 2010 मध्ये युरोपातल्या मध्यमवयीन आणि वृद्ध पुरुषांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात लैंगिक विचारांची वारंवारता घटणे साधारण 230 नॅनोग्रॅमच्या खाली दिसू लागले. सकाळची ताठरता कमी होणे त्याआधीच, 320 च्या खाली. म्हणजे 500 वरून 440 वर आलेल्या माणसाची इच्छा मावळली, तर संप्रेरकाकडे बोट दाखवता येत नाही. झोपेअभावी येणारा थकवा, चिडचिड, खचलेले मन आणि दोघांच्या वेळा न जुळणे ही कारणे तिथे जास्त थेट आहेत. 2018 च्या एका चाचणीत जे पुरुष सीपॅप रोज रात्री चार तासांहून जास्त वापरत होते, त्यांच्यात ताठरतेबरोबर कामेच्छाही सुधारली. स्त्रियांवर या विषयात फार कमी काम झाले आहे, आणि हा दोष गंभीर आहे. तरी 2015 मध्ये महाविद्यालयीन तरुणींच्या रोजनिशीवरून केलेल्या अभ्यासात जास्त वेळ झोप झालेल्या रात्रीनंतरच्या दिवशी कामेच्छा अधिक नोंदवली गेली.

अलीकडच्या काळात लक्ष पुन्हा वजनाकडे वळले आहे. वजन पुरेसे उतरले की टेस्टोस्टेरॉन आपोआप वाढते, हे बऱ्याच आधी ठाऊक झाले होते. 2024 च्या अखेरीस अमेरिकेत टिर्झेपेटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाला लठ्ठपणासह असलेल्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली, आणि अ‍ॅप्नियासाठी मंजूर झालेले ते पहिलेच औषध ठरले. ते घेणाऱ्याचे रक्त पुन्हा तपासताना वजन, एसएचबीजी आणि आदल्या झोपेची नोंद एकत्र ठेवली, तरच वाढलेला आकडा कशामुळे वाढला हे सांगता येईल.