काय गायब? (वर्गातल्या वस्तू आणि विषयांची नावं शिकवणारा खेळ)

'काय गायब?' हा नवीन भाषा शिकणाऱ्या लहान मुलांना वर्गातल्या वस्तूंची नावं पक्की करून देणारा खेळ आहे, आणि थोडा बदल केला की शाळेच्या विषयांसाठीही चालतो. इंग्रजीत याला 'किम्स गेम' म्हणतात, कारण रुडयार्ड किपलिंगच्या १९०१ सालच्या 'किम' कादंबरीत एका मुलाची नजर आणि स्मरणशक्ती तयार करायला ताटातले रत्नखडे दाखवून झाकायचे आणि मग काय काय होतं ते विचारायचं असा खेळ आहे, तो पुढे बेडन-पॉवेलने स्काउटिंगमध्ये घेतला आणि तिथून तो खूप ठिकाणी पसरला.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं उदाहरण घेऊ. टेबलावर सहा वस्तू ठेवायच्या: पेन्सिल, इरेझर, रूलर, सिझर्स, नोटबुक, ग्लू. बऱ्याच जणांची घाई इथेच होते, लगेच कापड टाकून मोकळे होतात. खरं तर आधी एक-दोन फेऱ्या फक्त ऐकून हात लावायच्या घ्यायच्या, म्हणजे शिक्षकाने 'रूलर' म्हणायचं आणि मुलाने पट्टीला हात लावायचा, कारण शब्द ऐकून ओळखणं आधी येतं आणि तो स्वतःच्या तोंडून काढणं नंतर. हात चुकत नाहीत असं दिसलं की मग वस्तू झाकायच्या, मुलांनी डोळे मिटायचे, एक वस्तू काढून घ्यायची, कापड उचलायचं आणि विचारायचं, काय गायब? आता समोर वस्तूच नाही, त्यामुळे शब्द डोक्यातून ओढून काढावा लागतो आणि या खेळाचा सगळा जीव त्या ओढून काढण्यात आहे.

प्रत्येक फेरीला वस्तूंच्या जागा बदलाव्या लागतात, नाहीतर मुलं शब्दाऐवजी जागा लक्षात ठेवतात आणि 'कोपऱ्यातलं ते' असं उत्तर येतं. एखादं मूल 'पट्टी!' असं घरच्या भाषेत ओरडलं तर वस्तू आठवली पण नवा शब्द अजून बसलेला नाही एवढाच अर्थ घ्यायचा, त्याला चूक म्हणू नये, पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत तीच वस्तू परत गायब करावी. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे चटपटीत मुलं आधी ओरडतात आणि बाकीचे नुसते त्यांच्या मागे म्हणतात, वर्गात आवाज तर दणदणीत येतो पण निम्म्यांना काही आलेलं नसतं. त्यावर साधा उपाय, उत्तर आधी शेजारच्याच्या कानात सांगायचं आणि शिक्षकाने बोट दाखवल्यावरच मोठ्याने.

वस्तू कुठल्या निवडायच्या हेही बघावं लागतं. थॉमस टिंकहॅम (१९९३) आणि रॉब वेअरिंग (१९९७) यांच्या प्रयोगांत एकाच गटातले जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकदम शिकताना वेगवेगळ्या अर्थाच्या शब्दांपेक्षा जास्त वेळ लागला. ते प्रयोग मोठ्या माणसांवरचे होते, पण पेन आणि पेन्सिल एकाच दिवशी नवीन म्हणून आणले की मुलांचा जो गोंधळ उडतो तो कुठल्याही वर्गात दिसतो, इथे तर आवाजही सारखा. म्हणून पेन्सिल आधी पक्की होऊ द्यावी आणि पेन काही दिवसांनी आणावं.

विषयांचं प्रकरण वेगळं आहे, कारण जिऑग्रफीला हात लावता येत नाही. मग टेबलावर नकाशा, ब्रश, भिंग असं काहीतरी ठेवून गायब वस्तूऐवजी गायब विषय विचारतात. यात एक फसवी चूक होते: सायन्ससाठी दरवेळी भिंगच ठेवलं तर मुलाला वाटतं की भिंगालाच सायन्स म्हणतात, आणि उत्तर बरोबर येत राहतं म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. ओळखायचं असेल तर भिंग बाजूला ठेवून लोहचुंबक किंवा झाडाचं पान दाखवायचं, मूल अडलं की समजायचं. प्रत्येक विषयाला निदान तीन वेगवेगळ्या वस्तू आलटून पालटून वापराव्यात.

थोड्या मोठ्या मुलांसाठी गायब होण्याची कल्पना वेळापत्रकावर नेता येते, आणि माझ्या मते विषयांसाठी हाच प्रकार जास्त चांगला. जोडीतल्या दोघांना एकच वेळापत्रक द्यायचं पण रिकामे चौकोन वेगवेगळे ठेवायचे, एकाकडे मंगळवारचा दुसरा तास कोरा, दुसऱ्याकडे गुरुवारचा पहिला. एकमेकांचा कागद बघायचा नाही, फक्त विचारून भरायचं. इथे प्रश्नाचं उत्तर खरंच हवं असतं, त्यामुळे 'मॅथ्स' हा शब्द नीट म्हणावा लागतो आणि नीट ऐकावाही लागतो. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवले की कुठला शब्द चुकीचा ऐकला गेला ते मुलांना स्वतःच सापडतं.

शब्द खरंच राहिले का हे त्याच तासाला कळत नाही. चार-पाच दिवसांनी, टेबल आणि कापड काहीही न मांडता, मुलाच्या स्वतःच्या दप्तरातून एकेक वस्तू काढून नाव विचारायचं, जी नावं तिथे अडतात तीच पुढच्या खेळात परत घ्यायची.