अठरा पाइप की पंधरा?

एका शेडच्या सांगाड्याची कटिंग लिस्ट समोर आहे. पाइप चौकोनी, ४० बाय ४० मिलिमीटरचा, जाडी २ मिलिमीटर. खांबांसाठी २५८० मिमीचे १० तुकडे लागणार, आडव्यांसाठी १६९० मिमीचे ३० आणि तिरक्या आधारांसाठी १२८० मिमीचे १०. दुकानात पाइप सहा मीटरचा मिळतो. तर किती पाइप आणायचे?

वर्कशॉपमध्ये सहसा मोठे तुकडे आधी कापतात आणि उरलेल्यात लहान बसतात का ते बघतात. ही रीत वाईट नाही. पुष्कळदा ती उत्तम उत्तराच्या अगदी जवळ नेते. पण इथे ती कशी फसते बघा. एका पाइपमधून दोन खांब निघतात, दर कापाला जाणारे ३ मिमी धरून मागे ८३४ मिमी उरतात आणि त्यात बाराशे ऐंशीचा तुकडाही बसत नाही. खांबांसाठी असे ५ पाइप गेले. मग आडवे: एका पाइपमध्ये तीन, उरले ९२१ मिमी, तेही वाया. त्यांचे १० पाइप. शेवटी तिरके: एका पाइपमध्ये चार, म्हणजे दहा तुकड्यांना ३ पाइप, शेवटचा अर्ध्याहून जास्त शिल्लक. एकूण १८.

हेच काम १५ पाइपांत होतं. दहा पाइपांतून प्रत्येकी एक खांब आणि दोन आडवे काढायचे: २५८० + १६९० + १६९० म्हणजे ५९६०. उरलेल्या पाच पाइपांतून प्रत्येकी दोन आडवे आणि दोन तिरके: ५९४०. मोजून बघा, दहा खांब, तीस आडवे, दहा तिरके. या पाइपचं वजन मीटरला साधारण २.४ किलो भरतं, म्हणजे तीन पाइप वाचले की ४० किलोहून जास्त लोखंड वाचलं. नव्या पाइपचा भाव आणि भंगाराचा भाव यांतला फरक ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचा गुणाकार सांगायला नको.

तीन मापं असताना हे कागदावर चाचपडत सापडतं. एका पाइपमधून कुठले तुकडे किती काढायचे, याला मांडणी म्हणू. या तीन मापांच्या, आणखी तुकडा बसणार नाही अशा भरलेल्या मांडण्या आठच आहेत. पण लिस्टमध्ये चाळीस वेगवेगळी मापं असली की शक्य मांडण्या कोटींत जाऊ शकतात. तेव्हा चांगली मांडणी शोधायची कशी? आणि खरं तर त्याआधीचा प्रश्न असा, की १५ हून कमी पाइपांत काम होत नाही हे कळायचं कसं?

या प्रश्नाला गणिताच्या वाटेने भिडणारा पहिला मोठा माणूस म्हणजे सोव्हिएत रशियातल्या लेनिनग्राडचा गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच. प्लायवूड उद्योगाकडून आलेल्या एका अडचणीतून तो या विषयात शिरला आणि १९३९ साली त्याने उत्पादनाच्या नियोजनावर एक छोटी पुस्तिका काढली. कापणीतली नासाडी कमी करणं हा तिच्यातला एक प्रश्न होता. याच प्रकारच्या कामासाठी त्याला १९७५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्या पद्धतीने लेनिनग्राडच्या रेल्वे डबे बनवणाऱ्या कारखान्यात पत्रा कापला गेला, तेव्हा भंगार इतकं घटलं की कारखान्याला सरकारी यंत्रणेकडे भंगार जमा करायचा ठरलेला कोटा भरता येईना, असा एक किस्सा सांगतात. नियोजित अर्थव्यवस्थेची याहून चांगली चेष्टा मला सुचणार नाही.

कोट्यवधी मांडण्या न लिहिता उत्तर काढण्याची युक्ती मात्र १९६१ साली पॉल गिलमोर आणि राल्फ गोमोरी या आयबीएममधल्या दोघांनी दिली. कागद गिरण्यांमधल्या मोठ्या रिळांची कापणी हा त्या पद्धतीचा गाजलेला उपयोग. तिचा गाभा साध्या पैशांच्या हिशेबात मांडता येतो. आपल्याच लिस्टवर करून बघू.

समजा एक पाइप १२ रुपयांना मिळतो. हा खरा भाव नव्हे, आकडे सोपे यावेत म्हणून धरला. सुरुवात सगळ्यात बाळबोध मांडण्यांपासून करू: नुसते दोन खांब, नुसते तीन आडवे, नुसते चार तिरके. मग एका खांबाला पाइपचे ६ रुपये पडले, आडव्याला ४ आणि तिरक्याला ३. आता प्रश्न एवढाच: या भावांनी बारा रुपयांच्या पाइपमधून बारापेक्षा जास्तीचा माल निघेल अशी एखादी मांडणी आहे का? आहे. एक खांब आणि दोन आडवे: ६ + ४ + ४ म्हणजे १४ रुपये. याचा अर्थ आपले आताचे भाव चढे आहेत आणि ही मांडणी लिस्टमध्ये घेतली तर फायदा होणार.

ती घेतली की दोन खांबांची मांडणी गळून पडते आणि भाव पुन्हा ठरतात. आडवा ४ लाच राहिला, तिरका ३ ला. खांब आता दोन आडव्यांच्या सोबतीने निघतो, म्हणून त्याच्या वाट्याला १२ वजा ८, म्हणजे ४ रुपये येतात. इथे जरा थांबण्यासारखं आहे. खांब आडव्यापेक्षा जवळजवळ नव्वद सेंटीमीटर लांब, पण त्याची किंमत आडव्याइतकीच. कारण तीन आडव्यांच्या पाइपमध्ये ९२१ मिमी वाया जातच होते. त्यातला एक आडवा काढून जागी खांब ठेवला तर फक्त ८९० मिमी जास्त लागतात, आणि ते भंगारातूनच भागतात. म्हणजे तुकड्याची खरी किंमत त्याच्या लांबीवर ठरत नाही, तो कुणाशेजारी बसतो यावर ठरते.

पुन्हा तोच प्रश्न. नव्या भावांनी बाराच्या वर जाणारी मांडणी आहे का? दोन आडवे आणि दोन तिरके: ४ + ४ + ३ + ३, पुन्हा १४. तीही घेतली. आता तिरक्याचा भाव उतरून २ रुपये होतो. तिसऱ्यांदा विचारलं तर आठही मांडण्यांत बाराच्या वर एकही जात नाही. जास्तीत जास्त बारा, बाकीच्या दहा किंवा आठ.

इथेच दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. या भावांनी आपल्या लिस्टमधल्या सगळ्या मालाची किंमत किती? दहा खांबांचे ४०, तीस आडव्यांचे १२०, दहा तिरक्यांचे २०. बेरीज १८० रुपये. कुठलाही पाइप कसाही कापला तरी १२ रुपयांहून जास्तीचा माल देत नाही. मग १८० रुपयांच्या मालाला किमान १५ पाइप लागणारच. चौदात हे काम करून दाखवतो असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी वाद घालायचं कारण नाही, मापात चूक आहे हे नक्की.

मोठ्या लिस्टमध्ये संगणक हेच करतो. सगळ्या मांडण्या तो कधीच लिहून काढत नाही. चालू भावांनी सगळ्यात महाग भरणारी एकच मांडणी शोधतो, ती बाराच्या वर असली तर घेतो, भाव बदलतो, पुन्हा शोधतो. अडचण एक राहते. उत्तरात ‘ही मांडणी साडेतीन वेळा’ असे अपूर्णांक येतात, आणि साडेतीन पाइप कुणी कापत नाही. मग शेवटच्या थोड्या तुकड्यांची जुळवाजुळव वेगळी करावी लागते. अपूर्णांकातलं उत्तर १४.३ आलं तर प्रत्यक्षात १५ पाइप पुरतात, असंच जवळजवळ नेहमी घडतं. क्वचित आणखी एक लागतो.

एक सोपी पडताळणी अनेकजण करतात: सगळ्या तुकड्यांच्या लांबीची बेरीज करून सहाने भागायचं. आपल्या लिस्टची बेरीज ८९.३ मीटर, भागाकार १४.८८, म्हणजे १५ च्या खाली जाणं शक्य नाही. इथे ती कामी आली. पण तिच्यावर विसंबू नका. ३१०० मिमीचे दहा तुकडे हवे असतील तर बेरीज ३१ मीटर, भागाकार सहा पाइप सुचवतो. लागतात मात्र दहाच्या दहा, कारण अर्ध्याहून मोठे दोन तुकडे एका पाइपमध्ये बसूच शकत नाहीत. अशा वेळी दोष कापणाऱ्याचा नसतो. डिझाइन करणाऱ्याला माप २९९० करता येईल का, हे विचारून बघावं. त्या एका प्रश्नाने पाच पाइप वाचतात.

आता हिशेबाबाहेरच्या गोष्टी. पहिली म्हणजे कापताना जाणारं लोखंड. कटऑफ मशीनची चकती साधारण ३ मिमी खाते, बँडसॉचं पातं त्याच्या निम्म्याच्या आसपास. कागदावर २००० मिमीचे तीन तुकडे सहा मीटरमध्ये चपखल बसतात, पण दोन काप गेल्यावर तिसरा १९९४ चाच निघतो. यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक मापात ३ मिळवायचे आणि पाइपही ६००३ चा धरायचा. शेवटच्या तुकड्यानंतर काप लागत नसेल तर तोही हिशेब यात आपोआप जुळतो. वर दिलेले उरलेल्या लांबीचे आकडे तीन मिमीचा काप धरूनच काढले आहेत.

दुसरी गोष्ट पाइपच्या टोकांची. टोक चेपलेलं असेल किंवा काटकोनात नसेल तर ते आधी छाटावं लागतं. आपल्या खांब आणि दोन आडव्यांच्या मांडणीत शेवटी फक्त ३१ मिमी उरतात. टोकाचे ४० मिमी छाटले की शेवटचा आडवा आखूड पडणार, आणि हे कळतं ते दोन तुकडे कापून झाल्यावर. म्हणून गठ्ठा आल्यावर आधी टोकं बघून आणि लांबी मोजून घ्यावी. खराब टोकाचे पाइप दोन आडवे आणि दोन तिरके या मांडणीला द्यावेत, तिथे ४८ मिमी शिल्लक आहेत. सगळ्याच पाइपांची टोकं छाटावी लागत असतील तर हिशेबात पाइप ५९५० चाच धरून लिस्ट नव्याने करावी. मग खांब आणि दोन आडवे ही मांडणीच बाद होते आणि १५ हे उत्तरही.

तिसरी गोष्ट कापणाऱ्याच्या वेळेची. मांडणी बदलली की मशीनचा स्टॉपर हलवून पुन्हा माप लावावं लागतं. बँडसॉवर पाच-सहा पाइप एकत्र बांधून कापायचे असतील तर त्या सगळ्यांची मांडणी एकच हवी. एखादा पाइप वाचवण्यासाठी बारा वेगवेगळ्या मांडण्या देणारं उत्तर मिळालं, तर मी चार मांडण्यांचं, एक पाइप जास्त लागणारं उत्तर घेईन. अशा वेळी त्या जादा पाइपची शिल्लक एकाच लांब तुकड्यात राहील असं बघावं. तीन मीटरचा एक तुकडा पुढच्या कामाला येतो. तेवढीच लांबी तीनशे-तीनशेच्या दहा तुकड्यांत विखुरली तर ती भंगाराच्या काट्यावरच जाते. राखलेल्या तुकड्यावर खडूने लांबी लिहून तो रॅकमध्ये उभा ठेवावा आणि पुढची लिस्ट करताना आधी त्याच रॅककडे बघावं.