समीकरण पाठवताना समीकरणच राहिले तर

(आमच्याकडे शंका पाठवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी)

परीक्षेच्या दिवसांत रात्री दहानंतर हमखास येणारा निरोप असा असतो : "सर, हे समीकरण संतुलित करून द्या, अर्जंट आहे." त्याखाली काहीच नसते. कधी नुसता बाण असतो, कधी दोन बेरजेची चिन्हे. पाठवणाऱ्याला वाटते समीकरण गेले, आम्हाला वाटते अजून यायचे आहे, आणि दोघेही वाट बघत बसतात. हे पत्रक त्यासाठी आहे. असा निरोप आल्यावर आम्ही अंदाजाने उत्तर का देत नाही आणि तुम्ही काय पाठवले म्हणजे काम होते, ते यात सांगितले आहे.

आधी समीकरण गळते कुठे ते पाहू. बहुतेक वेळा विद्यार्थ्याची चूक नसते. क्लासच्या नोट्स वर्डमध्ये केलेल्या असतात आणि जुन्या फाइलींत समीकरण अक्षरांचे नसून चित्रासारखे चिकटवलेले असते. तो मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की अक्षरे येतात, चित्र मागेच राहते. म्हणून "खालील समीकरण संतुलित करा" एवढेच आमच्यापर्यंत पोचते. सूत्रे चित्रांची आणि मधली चिन्हे अक्षरांची असली, तर आणखी मजा होते. मग हे असे उरते :

```
+ → + +
```

बाणाचीही एक गंमत आहे. वर्डमध्ये दोन उणे चिन्हे आणि त्यांना जोडून > हे चिन्ह टाइप केले की त्याचा आपोआप बाण होतो. पण तो बाण चिन्हांच्या खास फाँटमधला असतो. दुसरीकडे चिकटवल्यावर फाँट सुटतो आणि बाणाच्या जागी à हे अक्षर दिसते. तुमच्या निरोपात मध्येच असा à दिसला, तर तो बाण समजा. आम्ही तरी तसेच समजतो.

आता कोणी विचारेल, "डाव्या बाजूला दोन पदार्थ, उजवीकडे तीन, एवढे कळतेय ना? मग अनुभवी माणसाला ओळखू यायला हवे." नाही येत. तांबे आणि नायट्रिक आम्ल या साच्यात बसते. शहाबादी फरशीवर आम्ल सांडले की फेस येतो, ती कॅल्शियम कार्बोनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची अभिक्रियाही त्यातच बसते. कोळसा आणि संहत सल्फ्युरिक आम्लाचीही बसते. पुस्तकाच्या मागचे उत्तर कळवले तरी भागत नाही. एका मुलीने एकदा फक्त आकडे पाठवले : १, ४, १, २, २. हे आकडे तांबे आणि संहत नायट्रिक आम्लाला लागू पडतात, आणि तांब्याच्या जागी जस्त घेतले तरी तेच आकडे येतात. संतुलनाचे आकडे म्हणजे फक्त प्रमाण. ते कशाचे प्रमाण, हे आकड्यांत लिहिलेले नसते.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. समजा अभिक्रियाकारके आली, पण उत्पादिते राहिली. पुष्कळांना वाटते की डावी बाजू दिली की उजवी गणितानेच निघते. तसे नसते. संतुलन करताना आपण अणू मोजतो. डावीकडे जेवढे अणू तेवढेच उजवीकडे, एवढाच तो नियम. ते अणू उजवीकडे कोणत्या रूपात जोडले जातील, हे मोजणी सांगत नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन घ्या :

```
2H2 + O2 → 2H2O
H2 + O2 → H2O2
```

दोन्ही ओळी संतुलित आहेत. दुसरीत तर आकडेसुद्धा घालावे लागले नाहीत. पण हायड्रोजन पेटवला की पाणी तयार होते, हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली भरत नाही. तेव्हा ओळ जुळली म्हणजे अभिक्रिया खरी, असे धरू नका. उत्पादिते प्रयोगातून कळतात. आपल्यासाठी याचा अर्थ, ती पुस्तकातून किंवा प्रश्नातूनच यायला हवीत.

एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो, म्हणजे आम्ही उलट प्रश्न का विचारतो ते कळेल. गेल्या खेपेला एका दहावीच्या मुलाचा रिकामा निरोप आला. आम्ही विचारल्यावर त्याने कळवले, "तांबे आणि नायट्रिक आम्ल." तेवढ्यावर उत्तर देता आले असते, पण पन्नास टक्के वेळा ते चुकले असते. तांब्यावर संहत नायट्रिक आम्ल ओतले तर नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, विरल आम्ल ओतले तर मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड. दोन्हींत तांब्याचे नायट्रेट आणि पाणी होते, पण वायू वेगळा असल्याने समीकरण पूर्ण बदलते.

आम्ही विचारले, "संहत की विरल?" तो म्हणाला, "माहीत नाही, पण वर्गात प्रयोग दाखवला तेव्हा तपकिरी वायू आला होता." वरकरणी वाटते, सुटले. तपकिरी म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणजे संहत. इथेच बरेच जण फसतात. नायट्रिक ऑक्साइड स्वतः रंगहीन असतो, पण हवेतला ऑक्सिजन लागला की लगेच त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि तोही तपकिरीच दिसतो. परीक्षानळीच्या तोंडाशी दिसणारा रंग त्यामुळे पुरावा ठरत नाही. नळीच्या आत, द्रावणाच्या अगदी वर, वायू रंगहीन होता की तपकिरी, ते महत्त्वाचे. मुलाने तेवढे पाहिले नव्हते, आणि ते साहजिकच आहे. शेवटी त्याने पुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवला. त्यात "संहत" असे स्पष्ट छापलेले होते.

मग संतुलन अवघ्या काही ओळींचे होते. कच्चे समीकरण :

```
Cu + HNO3 → Cu(NO3)2 + NO2 + H2O
```

नुसत्या नजरेने जुळवायला गेलात, तर नायट्रोजनच्या दोन ठिकाणच्या हिशेबात गुंता होतो, कारण उजवीकडे तो नायट्रेटमध्येही आहे आणि वायूतही. म्हणून आधी इलेक्ट्रॉनांचा हिशेब करावा. तांबे ० वरून +२ वर जाते, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन देते. वायूत जाणारा नायट्रोजन +५ वरून +४ वर येतो, म्हणजे एक इलेक्ट्रॉन घेतो. एका तांब्याने दिलेले दोन इलेक्ट्रॉन घ्यायला दोन नायट्रोजन लागतील, म्हणून 2NO2. नायट्रेटमध्ये आणखी दोन नायट्रोजन, एकूण चार. म्हणून 4HNO3. हायड्रोजन चार झाले, म्हणून 2H2O. ऑक्सिजन आपण मुद्दाम शेवटी मोजतो, तपासणीसाठी : डावीकडे १२, उजवीकडे ६ + ४ + २ = १२. जुळले.

```
Cu + 4HNO3 → Cu(NO3)2 + 2NO2 + 2H2O
```

आम्ल विरल असते तर नायट्रोजन +५ वरून +२ वर आला असता, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन घेतले असते. दोन आणि तीन यांचा मेळ सहावर बसतो : तीन तांबे, दोन नायट्रिक ऑक्साइड. तीन नायट्रेटांत सहा नायट्रोजन, वायूत दोन, एकूण आठ.

```
3Cu + 8HNO3 → 3Cu(NO3)2 + 2NO + 4H2O
```

इथेही ऑक्सिजन मोजून बघा : डावीकडे २४, उजवीकडे १८ + २ + ४.

"एक मार्काचा तर प्रश्न, एवढी चिकित्सा कशाला?" असे एका पालकांनी विचारले होते. कारण बारावीच्या पेपरात त्याच समीकरणावर पुढचे गणित बांधलेले असते. ६.३५ ग्रॅम तांबे, म्हणजे ०.१ मोल, विरघळवायला संहत आम्लाच्या समीकरणाप्रमाणे ०.४ मोल, म्हणजे २५.२ ग्रॅम नायट्रिक आम्ल लागते. विरलच्या समीकरणाप्रमाणे साधारण १६.८ ग्रॅम. वायूचा फरक तर याहून मोठा : पहिल्यात ९.२ ग्रॅम, दुसऱ्यात सुमारे २ ग्रॅम. आम्ही अंदाजाने चुकीचे समीकरण दिले, तर तुम्ही पुढची आकडेमोड अगदी बिनचूक करूनही उत्तर चुकते, आणि चूक कुठे झाली ते सापडतही नाही.

प्रत्येक वेळी इतके खोलात जावे लागते असे नाही. मॅग्नेशियमची फीत हवेत जाळली, एवढे सांगितले तरी दहावीच्या पातळीवर उत्तर एकच असते. पण "आयर्न क्लोराइड" असे कोणी लिहिले की आम्ही पुन्हा विचारणारच. लोखंड हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले तर FeCl2 होते, क्लोरीन वायूत तापवले तर FeCl3. नाव अर्धे आले की समीकरणही अर्धेच आले.

तर काय पाठवायचे? शक्य असेल तर पुस्तकाच्या पानाचा फोटो, प्रश्नाच्या वरची एक ओळ आणि खालची एक ओळ धरून. "संहत", "विरल", "तापवले असता", "जास्त प्रमाणात" असे शब्द नेमके वरच्याच ओळीत असतात आणि कापलेल्या फोटोत तेच जातात. फोटो जमत नसेल तर सूत्रे हाताने टाइप करा. खालचे आकडे खाली बसत नाहीत म्हणून अडू नका, Cu(NO3)2 असे सरळ ओळीत लिहिले तरी आम्हाला कळते. मात्र कंस गाळू नका, आणि मोठे-छोटे अक्षर सांभाळा. CO म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, Co म्हणजे कोबाल्ट. फोन पहिले अक्षर आपोआप मोठे करतो आणि दुसरे छोटे, म्हणून ही चूक फार होते.

सूत्रे येत नसतील तर पदार्थांची मराठी नावे लिहा, आम्ही सूत्रे घालून देऊ. वायूचा रंग, वास, साका पडला का, हे प्रयोगवहीत असेल तर तेही लिहा. आणि पाठवल्यावर एकदा स्वतःचाच निरोप उघडून पाहा. बाणाच्या दोन्ही बाजूंना काही दिसते आहे का, एवढेच.

रिकामा निरोप आला तर आम्ही एक उलट प्रश्न पाठवतो आणि थांबतो. त्या शंकेचे पैसे लावत नाही आणि ती तुमच्या महिन्याच्या शंकांतही धरत नाही. रात्री अकरापर्यंत समीकरण आले, तर उत्तर त्याच रात्री देतो. त्यानंतर आले, तर सकाळी सातला.