शब्दाखाली अर्थ: पदपाठापासून अन्वयापर्यंत

श्लोक छापायचा, प्रत्येक शब्दाखाली त्याचा अर्थ आणि शेवटी पूर्ण भावार्थ द्यायचा, ही मांडणी छापखान्याच्या काळातली वाटते. तिचं पहिलं काम मात्र फार जुनं आहे. संधी झालेली ओळ एका दमात म्हटली जाते, त्यामुळे खाली अर्थ लिहिण्याआधी शब्द कुठे संपतो ते ठरवावं लागतं. ऋग्वेदासाठी हे काम शाकल्य या प्राचीन वैदिक विद्वानाने पदपाठात, म्हणजे प्रत्येक पद सुटं करून दिलेल्या पाठात केलं. त्याने शब्दांचा क्रम हलवला नाही, फक्त संधी सोडवले.

पदच्छेद हाही अर्थाचाच निर्णय असतो, आणि तो चुकू शकतो. दहाव्या मंडलातल्या एकोणतिसाव्या सूक्ताच्या आरंभी 'वने न वायो न्यधायि' असं ऐकू येतं. शाकल्याने तिथे 'वा' आणि 'यः' अशी दोन पदं केली. यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांचा अर्थ लावणाऱ्या ग्रंथात त्याचं नाव घेऊन हरकत नोंदवली: 'यः' वेगळं असतं तर पुढचं क्रियापद उदात्त, म्हणजे उंच स्वरातलं झालं असतं, शिवाय अर्थही अपुरा राहतो. त्याच्या मते 'वायः' हे एकच पद, म्हणजे पक्ष्याचं पिल्लू. वाद एका जागेचा, पण त्यावर 'किंवा जो' लिहायचं की 'पिल्लू', हे ठरतं.

काव्याच्या टीकाकारांची अडचण वेगळी होती. वृत्तासाठी कवी शब्द कुठेही ठेवतो, म्हणून त्यांनी अन्वय लावून, म्हणजे शब्द गद्यातल्या क्रमाने जुळवून अर्थ सांगितला. मल्लिनाथ तर आपण सगळं अन्वयाच्या वाटेनेच समजावतो, असं सुरुवातीलाच बजावतो.

आजच्या मांडणीत या दोन रीती एकत्र आल्या आहेत. ओळीखालचे अर्थ पदपाठाच्या क्रमाने चालतात, भावार्थ अन्वयाच्या. गीतेतला 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन' (२.४७) घ्या:

| कर्मणि | एव | अधिकारः | ते | मा | फलेषु | कदाचन |
|---|---|---|---|---|---|---|
| कर्मावर | -च | अधिकार | तुझा | नको | फळांवर | कधीही |

भावार्थ: तुझा अधिकार कर्मावरच आहे, फळांवर तो कधीही नसावा.

छापील ओळीत चारच तुकडे दिसतात, खाली सात रकाने होतात. म्हणून वर मूळ श्लोक तसाच ठेवून पदच्छेदाची ओळ वेगळी द्यावी लागते. मराठीला 'एव'साठी सुटा शब्द नाही, '-च' मागच्या शब्दाला चिकटतो. रकाना भरावा म्हणून काही जण तिथे 'केवळ' लिहितात, ते मला खटकतं: मराठीत 'केवळ अधिकार' असं वाचलं जातं आणि भर कर्मावरून अधिकारावर सरकतो. उलट भावार्थातल्या 'आहे'ला वर रकानाच नाही, कारण संस्कृतात ते क्रियापद अध्याहृत आहे, म्हणजे न लिहिता गृहीत धरलेलं.