बुकिंग लिंक आणि लिहून दिलेले स्लॉट, दोन्ही सारखे नाहीयेत

मीटिंग ठरवायला लिंक पाठवा नाहीतर दोन-तीन स्लॉट लिहून पाठवा, एकच गोष्ट आहे असं लोक सर्रास म्हणतात आणि मग एकाच वेळेला दोघं जण कॉलवर येऊन थांबतात. लिंक कशी चालते ते बहुतेकांना माहितीये, समोरचा उघडतो, रिकामी वेळ निवडतो, दोघांच्या कॅलेंडरवर नोंद पडते, टाइमझोनही तीच बघते. लिहून देताना टाइमझोन तुम्हीच लिहायचा.

खरा घोळ वेगळाच आहे. लिंकवर दिसणारी वेळ कोणासाठीच राखलेली नसते. सकाळी दिसली, दुपारी दुसऱ्याने घेतली, तर त्यात कोणी कोणाला फसवलं नाही. पण तुम्ही स्वतः 'बुधवारी ४ ते ५ चालेल का' असं लिहिलंत की उत्तर येईपर्यंत ती वेळ त्या माणसाची झाली, तो शब्द आहे.

समजा सोमवारी तुम्ही एकीला मंगळवार ११, बुधवार ४ आणि गुरुवार १० असे तीन स्लॉट दिले, कॅलेंडरमध्ये काहीच टाकलं नाही, आणि त्याच दिवशी दुसऱ्याला लिंक पाठवली. लिंकला तुमचा मेल वाचता येत नाही, ती फक्त कॅलेंडर बघते, तिला बुधवार ४ रिकामंच दिसतं आणि तो माणूस ते घेऊन टाकतो. मंगळवारी सकाळी तिचं उत्तर येतं, 'बुधवार ४ चालेल', आणि आता माफी तुम्हाला मागावी लागते.

म्हणून मेल पाठवायच्या आधी तिन्ही स्लॉट कॅलेंडरमध्ये 'होल्ड' म्हणून टाका, आणि ती नोंद Busy ठेवा, कारण Free ठेवलीत तर लिंक ती वेळ सहसा मोकळीच धरते. मेलमध्ये मुदत लिहा, 'आज संध्याकाळी ६ पर्यंत राखून ठेवतोय'. उत्तर आलं की उरलेले दोन होल्ड लगेच काढा, मुदत संपली तर तिन्ही. हे न करता तेच स्लॉट चार जणांना वाटणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. तसं करायचंच असेल तर 'जो आधी कळवेल त्याला' असं स्पष्ट लिहा ना.

अजून एक, 'बुधवारी २ ते ५ मोकळा आहे' एवढंच लिहू नका, तीन तासांची मीटिंग की त्यात कधीही अर्धा तास, समोरच्याला काय कळणार? '२ ते ५ मध्ये कधीही, ३० मिनिटं' असं लिहा. आणि मग ते तीनही तास होल्डवर ठेवायचे बरं का, फक्त पहिला अर्धा तास नाही.

कुठे काय वापरायचं? काम तुमचं असेल, वेळ तुम्ही मागताय, तर माझ्या मते स्लॉटच लिहावेत आणि त्याखाली 'यातलं जमत नसेल तर ही लिंक' अशी ओळ टाकावी. नुसती लिंक पाठवली तर आपल्या कामासाठी शोधाशोध त्यांना करायला लावतो आपण. पण लोक तुमच्याकडे वेळ मागत असतील, आठवड्याला दहा-पंधरा जण, तर लिंकच बरी, तेवढे होल्ड सांभाळताना चूक होणारच.